चुनखडक, डोलोमाइट की वाळूदगड? भिंग आणि ॲसिड घेऊन केलेल्या कामाच्या नोंदी

अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये जुन्या विहिरी, जोती आणि गडगे कुठल्या दगडाचे आहेत याची यादी करायला घेतली आहे. काळा कातळ आणि जांभा लांबूनही ओळखू येतात, त्यांच्यासाठी काहीच लागत नाही. अडतं ते फिकट दगडांपाशी. त्यात किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा दगड असतो, देशावरून आलेली फरशी असते आणि कुठे दुरुस्तीत बसवलेला भलताच तुकडा असतो. हे दगड जागेवर कसे ओळखायचे, त्याच्या या नोंदी आहेत. हेच काम दुसऱ्या गावात कोणी करणार असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून सविस्तर लिहितो.

7 डिसेंबर

सामान जमवलं. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग चारशेच्या आत मिळालं. याहून जास्त ताकदीचं घेऊ नये. वीसपटीत दिसणारा भाग फार लहान असतो, उजेड कमी पडतो आणि हात जरा हलला की सगळं धूसर होतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मग दगड भिंगाकडे आणायचा. दहापटीच्या भिंगात दगड साधारण अडीच सेंटिमीटरवर आला की कण स्पष्ट दिसतात. भिंग दगडावर धरून वरून वाकून पाहिलं तर फारसं काही हाती लागत नाही.

ॲसिड मिळवण्यात वेळ गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यापासून दुकानदार ओळखपत्र मागतात आणि नाव, पत्ता, कारण वहीत लिहून घेतात, आणि ते बरोबरच आहे. संडास धुण्याचं पिवळसर ॲसिड स्वस्त मिळतं, पण बाटलीवर तीव्रता लिहिलेली नसते आणि या कामात तीव्रतेवरच सगळं अवलंबून आहे. म्हणून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून 35 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतलं.

ते पातळ करताना आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड हळूहळू सोडायचं. उलटं कधीच करायचं नाही, उसळून अंगावर येतं. काम अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून केलं. 75 मिलि पाण्यात 25 मिलि ॲसिड सोडलं की साधारण 10 टक्क्यांचं द्रावण होतं. बरेच जण एक भाग ॲसिड आणि नऊ भाग पाणी घेतात आणि त्यालाच दहा टक्के म्हणतात. प्रत्यक्षात ते जेमतेम 4 टक्के भरतं, कारण मुळात बाटलीतलंच ॲसिड 35 टक्के असतं. मी दोन्ही द्रावणं करून वेगळ्या बाटल्यांत भरली आणि चिकटपट्टीवर तीव्रता लिहिली. चुनखडक ओळखायला कुठलंही चालतं. डोलोमाइटच्या बाबतीत मात्र या दोघांत फरक पडतो, तो पुढे येईल.

9 डिसेंबर

काचेचा ड्रॉपर आणि चाकू एकाच पिशवीत ठेवले होते. दोन दिवसांत चाकूच्या पात्यावर तांबूस गंज चढला आणि भिंगाच्या खिळ्यावरही डाग आला. ॲसिड सांडलेलं नव्हतं. नुसती वाफ पुरली, त्यात आपल्याकडची दमट हवा. आता ॲसिड डोळ्यात घालायच्या औषधासारख्या, थेंब पाडणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरतो, ती झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि डबा बाकीच्या सामानापासून वेगळा नेतो. डब्यात खायच्या सोड्याची पुडी असते. सांडलं तर वर सोडा टाकायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचं.

11 डिसेंबर

अनोळखी दगडाकडे जाण्याआधी ओळखीच्या दगडांवर हात बसायला हवा, आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. फरशीच्या वखारीत फुटक्या तुकड्यांचा ढीग असतोच. वखारवाल्यांना कारण सांगितलं तर म्हणाले, ‘‘सर, लागतील तेवढे न्या, नाहीतरी भरावातच जातात.’’ शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडक आहेत. वाळूदगड म्हणून लाल आग्रा आणि फिकट धोलपूर घेतला. पांढऱ्या संगमरवराचे दोन तुकडे मिळाले, एक मकराण्याचा आणि एक राजनगरचा म्हणून. हे दोन महत्त्वाचे आहेत. मकराण्याचा संगमरवर कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकाच्याच खनिजाचा बनलेला असतो. राजनगरचा डोलोमाइटी असतो. संगमरवर हा तापून-दाबून बदललेला खडक असला तरी ॲसिडला उत्तर त्यातलं खनिज देतं, त्यामुळे सरावाला ही जोडी चांगली.

शहाबादीवर पहिला थेंब टाकला तर काहीच झालं नाही. पृष्ठभागावर जुनं मेण होतं. तोच तुकडा हातोडीने फोडून ताज्या बाजूवर थेंब टाकताच तो क्षणात पांढराशुभ्र फेसाळला. पॉलिश, मेण, शेवाळ, धूळ यांतलं काहीही मध्ये आलं तर ॲसिड दगडापर्यंत पोचतच नाही. थेंब नेहमी ताज्या फुटीवरच टाकायचा.

14 डिसेंबर

आज फक्त संगमरवराची जोडी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे. भिंगातही फरक किरकोळ आहे. दोघांत स्फटिकांचे सपाट पैलू चमकतात आणि चाकूने दोघांवर चर पडून पांढरी पूड निघते. डोलोमाइट किंचित कठीण असतो खरा, पण तो फरक हाताला जाणवेल असं धरून चालू नये.

सावलीत ठेवून आधी 4 टक्क्यांचं द्रावण टाकलं. मकराणा लगेच फसफसला. राजनगरवर थेंब पाण्यासारखा शांत बसला. मग 10 टक्क्यांचं टाकलं. मकराणा जोरात उसळला. राजनगरवरचा थेंब थोडा वेळ शांत होता, नंतर त्याच्या कडेला अगदी बारीक बुडबुड्यांची रांग दिसू लागली. लक्ष नसतं तर ती सुटली असती.

खरी परीक्षा पुडीची. राजनगरच्या ताज्या फुटीवर चाकूच्या टोकाने खरवडून चिमूटभर पूड जमवली आणि त्यावर 10 टक्क्यांचा थेंब सोडला. पाच-दहा सेकंदांत पुडीतून बारीक बुडबुडे सतत वर येऊ लागले आणि बराच वेळ येत राहिले. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम असतं आणि तो थंड, पातळ ॲसिडात फार सावकाश विरघळतो. पूड केली की ॲसिडाला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि तीच संथ क्रिया डोळ्यांना दिसू लागते. म्हणजे दगडावर गप्प आणि पुडीवर हळूहळू बोलणारा तो डोलोमाइट. दगडावरच जोरात फसफसणारा तो कॅल्साइट.

बुडबुडे पाहताना एक काळजी घ्यावी लागते. भिंग लावलं की डोळा दगडापासून तळहाताच्याही आत येतो आणि फसफसणारा थेंब बारीक तुषार उडवतो. पुतणीने यावर चांगला उपाय काढला. मिठाईच्या लहान पारदर्शक डबीत पूड घ्यायची, थेंब टाकून झाकण लावायचं आणि झाकणावरून भिंगाने पाहायचं. डोळा सुरक्षित राहतो आणि वाऱ्याने पूडही उडत नाही. झाकण घट्ट दाबायचं नाही, आतला वायू निघायला वाट हवी.

15 डिसेंबर

हीच पुडीची परीक्षा लाल आग्रा दगडावर केली आणि त्यातूनही बुडबुडे आले. या दगडात डोलोमाइट असायचं कारण नव्हतं. मग तशीच कोरडी पूड घेऊन त्यावर साधं पाणी टाकलं. तेव्हाही बुडबुडे आले. पुडीच्या कणांमध्ये आणि वाळूदगडाच्या भोकांमध्ये हवा असते. पाणी आत शिरलं की ती बाहेर पडते.

तेव्हापासून नियम केला: आधी पाण्याचा थेंब, मग ॲसिडचा. हवेचे बुडबुडे मोजके आणि मोठे असतात, सुरुवातीलाच येतात आणि थांबतात. डोलोमाइटचे बुडबुडे उशिरा सुरू होतात, बारीक असतात आणि चालू राहतात. पूड आधी एका थेंबाने भिजवून घेतली तर हवेचा प्रश्नच उरत नाही, पण मग ॲसिड थोडं पातळ होतं, म्हणून ते दोन थेंब टाकावं.

21 डिसेंबर

ओहोटी पाहून नागावच्या किनाऱ्यावर गेलो. इथला फिकट, खरखरीत, थरांचा दगड पट्ट्यातल्या कितीतरी विहिरींत वापरलेला आहे. किनाऱ्याची वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे समुद्राच्या पाण्यातून साकळलेल्या चुन्याने एकमेकांना चिकटून हा दगड तयार होतो. गावात कोणी त्याला वाळूचा दगड म्हणतं, कोणी चुन्याचा. दोन्ही बाजूंना आधार आहे, म्हणूनच तो या कामातला सगळ्यात अवघड दगड आहे.

पडलेला एक तुकडा उचलून फोडला. थेंब टाकताच शहाबादीइतकाच जोरात फेसाळला. एवढ्यावर थांबलो असतो तर यादीत ‘चुनखडक’ लिहून पुढे गेलो असतो. फेस विरू दिला, पाण्याने धुतलं, फडक्याने टिपलं आणि मग भिंग लावलं. थेंब पडलेल्या जागी एक उथळ खळगा झाला होता. त्याच्या तळाशी काचेसारखे पारदर्शक कण आणि काळ्या कातळाचे गोलसर कण सुटे पडले होते. बोट फिरवलं तर चिमूटभर वाळू बोटाला लागली. शेजारी, थेंब न पडलेल्या भागात, तेच कण पांढुरक्या पदार्थात घट्ट रुतलेले होते आणि त्यांच्यामध्ये शिंपल्यांचे वाकडे, पातळ, रेघारेघांचे तुकडे दिसत होते.

शहाबादीवर थेंब विरल्यावर असं होत नाही. तिथे सगळा पृष्ठभाग सारखाच झिजतो, बोटाला फार तर बारीक चिखलासारखी राखाडी पूड लागते. नुसती फसफस एवढंच सांगते की दगडात कुठेतरी कॅल्साइट आहे. तो कणांत आहे की कण चिकटवणाऱ्या लुकणात, हे फेस गेल्यावर भिंगच सांगतं. म्हणून ॲसिडनंतरचं भिंग हे ॲसिडाआधीच्या भिंगाइतकंच जरुरीचं आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहिली. भरतीच्या पट्ट्यातल्या काळ्या कातळावर थेंब टाकला आणि तोही फसफसला. तिथे कातळाला चिकटलेल्या बारीक शिंपांची कवचं होती, नुसत्या डोळ्यांना खरखर वाटावी इतकी लहान. कातळातल्या पांढऱ्या गाठींमध्येही कधी कधी कॅल्साइट असतो आणि तोही फेस देतो. दगड फसफसला असं लिहिण्याआधी दगडाचा कुठला भाग फसफसला ते पाहावं.

28 डिसेंबर

नागावच्या तुकड्याला नाव काय द्यायचं ते ठरवण्यासाठी घरी तो विरघळवून पाहिला. जागेवरच्या परीक्षेत हे बसत नाही, पण एकदा केलं की नजर पक्की होते.

तुकडा गोड्या पाण्यात दोन रात्री ठेवून मीठ काढलं आणि वाळवला. सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर 20 ग्रॅम तोलून काचेच्या बरणीत घातला. त्यावर 10 टक्क्यांचं 50 मिलि ॲसिड थोडं थोडं करून ओतलं. खूप उसळलं, मग शांत झालं. बरणीत अजून मोठा गठ्ठा शिल्लक होता आणि हाच न विरघळणारा भाग असं वाटत होतं. पण 1 ग्रॅम कॅल्साइट संपवायला 10 टक्क्यांचं साधारण 7 मिलि ॲसिड लागतं. म्हणजे 50 मिलि ॲसिडात 7 ग्रॅमच्या आसपास विरघळून ॲसिडच संपलेलं असणार. आणखी ओतलं तर पुन्हा उसळलं. ताजा थेंब टाकूनही काही होईना, तेव्हा थांबलो. फेस थांबला याचा अर्थ दगडातला चुना संपला किंवा ॲसिड संपलं. ताज्या थेंबाशिवाय यातलं काय झालं ते कळत नाही.

वरचं पाणी हलकेच निथळून, गाळ तीनदा धुऊन, वाळवून तोलला. 8.6 ग्रॅम भरला. म्हणजे 11.4 ग्रॅम, शेकडा 57, विरघळून गेला. उरलेल्या वाळूत लोहचुंबक फिरवला तर काळे कण बरेच चिकटले. बाकी काचेसारखे कण आणि कातळाचा चुरा. निम्म्याहून जास्त भाग चुन्याचा, त्यामुळे या तुकड्यापुढे ‘वाळूमिश्रित शिंपल्यांचा चुनखडक’ असं लिहिलं. शेजारच्याच थरातला जरा काळपट तुकडा असाच विरघळवला तर त्याच्यात वाळू निम्म्याहून जास्त निघाली. त्याला ‘चुन्याने बांधलेला वाळूदगड’ म्हणावं लागेल. एकाच किनाऱ्यावर, हातभर अंतरात दोन नावं येतात. यादीत आता मी दोघांसाठी ‘शिंपल्यांचा किनारी दगड’ असा एकच रकाना ठेवला आहे आणि शेजारी भिंगात दिसलेलं वाळूचं प्रमाण लिहितो: थोडी, निम्मी, जास्त. विहिरीच्या यादीला याहून बारीक विभागणी नको.

4 जानेवारी

कणकवलीहून येणाऱ्या मेहुण्यांनी कासार्ड्याचा दगड आणला. कासार्डे, फोंडा भागात कलादगी खडकसमूहातला जुना वाळूदगड आहे आणि तिथे सिलिका वाळूच्या खाणी आहेत. नागावच्या दगडासमोर ठेवायला याहून चांगला नमुना नाही, कारण यात कणही गारगोटीचे आणि त्यांना बांधणारं लुकणही गारगोटीचंच.

पाण्याच्या थेंबाला हवेचे दोन-तीन बुडबुडे आले. ॲसिडला काही नाही. पुडीलाही काही नाही. चाकू ओढला तर दगडावर चर पडण्याऐवजी राखाडी, चमकदार रेघ उमटली. ती रेघ पोलादाची, दगडाने चाकूच घासून घेतला. भिंगात गोलसर कण एकमेकांत इतके घट्ट बसलेले दिसतात की दगड कणांच्या भोवतीने न फुटता कणांच्या आरपार फुटला आहे.

चाकूबद्दल इथेच लिहून ठेवतो. ठिसूळ वाळूदगडावर, धोलपूरच्या भिजलेल्या तुकड्यासारख्या, चाकूने चर पडतो आणि दगड मऊ आहे असं वाटतं. खरं तर कण कापला जात नाही, अख्खा उपटून येतो. चरात भिंग लावलं की ते लगेच दिसतं. चुनखडकाचा चर गुळगुळीत असतो आणि त्यात पीठ असतं. वाळूदगडाच्या चरात खळगे असतात आणि शेजारी अख्खे कण पडलेले असतात.

18 जानेवारी

चौलच्या एका वाडीतली विहीर. मालकांची परवानगी घेतली. पहिली अट मी स्वतःच घातली होती: बांधकामातल्या दगडावर थेंब टाकायचा नाही. ॲसिडचा डाग फिकट खळग्यासारखा कायम राहतो, आणि कोरलेल्या दगडावर तर अजिबातच टाकायचा नाही. विहिरीच्या कडेला, बुंध्याशी पडलेले कपचे पुरतात. कपचा कुठल्या दगडाचा ते रंगावरून आणि कडांवरून जुळवायचं.

इथे जवळजवळ प्रत्येक कपचा फसफसला, काळ्या कातळाचासुद्धा. सांध्यांमधला जुना चुना दगडांवर ओघळून पातळ पापुद्रा झाला आहे आणि वर दरवर्षीची सफेदी. आधी कपचा धुवायचा, मग फोडायचा आणि आतल्या बाजूवर, कडेपासून दूर थेंब टाकायचा. असं केल्यावर कातळाचे कपचे गप्प झाले आणि किनारी दगडाचे बोलत राहिले. चुन्याच्या बांधकामात हे न करता घेतलेल्या नोंदींवर विश्वास ठेवू नये. म्हणून या आधी पाहिलेल्या दोन विहिरींच्या नोंदी मी खोडल्या आणि तिथे परत गेलो.

8 मार्च

ऊन तापायला लागल्यावर एक नवीन अडचण आली. दिवसाची सुरुवात मी शहाबादीच्या तुकड्यावर एक थेंब टाकून करतो, म्हणजे बाटलीतलं ॲसिड अजून चांगलं आहे हे कळतं. बाटलीचं टोक दगडाला टेकत राहिलं की चुना आत जातो आणि ॲसिड हळूहळू मरतं. सोबत राजनगरचा तुकडाही असतो. दोन्ही तुकडे जांभ्याच्या गडग्यावर ठेवून इतर काम करत होतो. भर दुपारी थेंब टाकला तर राजनगरही दगडावरच फसफसू लागला. शहाबादीइतका नाही, पण कोणीही चुनखडक म्हणेल इतका.

डोलोमाइटची क्रिया थंडीत संथ असते आणि उष्णतेने वेग घेते. प्रयोगशाळेत डोलोमाइट ओळखायला ॲसिड मुद्दाम गरम करतात. इथे उन्हाने तापलेल्या दगडाने तेच केलं, हात लावून ठेववत नव्हता इतका तो तापला होता. तोच तुकडा माठाच्या पाण्यात थंड केला, पुसला, सावलीत थेंब टाकला, आणि तो पुन्हा गप्प झाला. कोकणात फेब्रुवारीनंतर हे काम सकाळी लवकर करावं, किंवा प्रत्येक कपचा पाण्यात बुडवून सावलीत तपासावा. दगड थंड होता की तापलेला हेही आता नोंदीत लिहितो.

9 मार्च

शेतीच्या दुकानातून डोलोमाइटची पिशवी आणली. आपल्या जांभ्याच्या आंबट जमिनीत सुधारणेसाठी बागायतदार ती टाकतात. पूड थंड, भिजवलेली, सावलीत. थेंब टाकल्यावर आधी झपाट्याने फेस आला, तो पटकन ओसरला आणि मग बारीक बुडबुडे बराच वेळ चालले. आधीचा फेस पुडीतल्या कॅल्साइटचा, नंतरचा डोलोमाइटचा. दोन्ही मिसळलेले आहेत. निसर्गातही डोलोमाइट आणि चुनखडक एकमेकांत असे मिसळलेले सापडतात आणि प्रमाण किती ते थेंबाने सांगता येत नाही. त्यासाठी दगड घासून ॲलिझरिन रेड एस या रंगाने रंगवतात. कॅल्साइट लाल होतो आणि डोलोमाइट रंग घेत नाही. ते प्रयोगशाळेचं काम. माझ्या यादीत अशा दगडापुढे ‘मिश्र, तपासायचा’ असं लिहिलं जातं.

15 मार्च

रेवदंड्याकडच्या एका विहिरीच्या काठावर, किनारी दगडांच्या ओळीत एक दगड वेगळा दिसला. मळकट पांढरा, कडा सरळ, हाताला गार आणि गुळगुळीत. शेजारचे दगड खरखरीत. त्याची मोडलेली कड खाली पडलेली होती, तीच घेतली. सकाळची वेळ होती. कपचा धुतला, फोडला, पाण्यात बुडवून पुसला.

आधी भिंग. वाळूचा एकही कण नाही, शिंपला नाही. सगळीकडे साखरेच्या दाण्यांसारखे एकमेकांत बसलेले स्फटिक आणि त्यांचे चमकणारे पैलू. वाळूदगड आणि किनारी दगड इथेच बाद झाले. चाकूने चर पडला, गुळगुळीत, पांढऱ्या पिठाचा. म्हणजे गारगोटी नाही. पाण्याच्या थेंबाला बुडबुडे नाहीत. 4 टक्क्यांच्या थेंबाला काही नाही. 10 टक्क्यांच्या थेंबाला कडेला बारीक रांग, तीही उशिरा. मग चर खोल करून पूड काढली, डबीत घेतली, दोन थेंब टाकले आणि झाकणावरून पाहिलं. बारीक बुडबुडे सुरू झाले ते थांबेचनात. खात्रीसाठी शेजारी शहाबादीची पूड घेतली. ती एका दमात उसळून संपली. फरक इतका उघड होता की पुतणी भिंगाशिवायच म्हणाली, ‘‘काका, हा राजनगरचा भाऊ दिसतोय.’’

यादीत ‘डोलोमाइटी संगमरवर, बाहेरचा’ असं लिहिलं. विहिरीच्या वयाशी हे जुळत नव्हतं, म्हणून वाडीच्या मालकांकडे आणि त्यांच्या गवंडीमामांकडे चौकशी केली. मामांनी दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘हा आम्हीच बसवला. देवळाची फरशी झाली तेव्हा तुकडे उरले होते. इथला दगड भरतीच्या पाण्याने खाल्ला होता, म्हटलं हा बसवू, टिकेल.’’ खाली वाकून पाहिलं तर त्या तुकड्याखालच्या सांध्यात चुना नाही, सिमेंट आहे. नोंदीत तेही लिहिलं, आणि या विहिरीचा मूळ दगड म्हणून शिंपल्यांचा किनारी दगड, वाळू निम्मी, अशी नोंद ठेवली.

आतापर्यंतचा खर्च: भिंग, ॲसिड, थेंबाच्या बाटल्या, चष्मा, हातमोजे आणि छोटा काटा मिळून हजार-बाराशेच्या आसपास. दगड सगळे फुकट. ॲसिड अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, कारण एका कपच्याला तीन-चार थेंबच लागतात. पुढचं काम मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूला, पावसाळ्याआधी. ओल्या दगडावर थेंब पसरतो, पातळ होतो आणि डोलोमाइटची संथ क्रिया दिसेनाशी होते, त्यामुळे जूननंतर हे काम बंद ठेवणार आहे.